कागद ठेवून घेतला, पुढे?

हिंगण्यातल्या एका कॉलेजात झालेल्या रोजगार मेळाव्याला आमच्या संस्थेनं आसपासच्या गावांतून बावीस मुली नेल्या होत्या. परतताना गाडीत सगळ्या खुशीत होत्या. कान्होलीबाऱ्याकडच्या एका मुलीनं मला मुद्दाम जवळ बसवून सांगितलं, "ताई, त्या साहेबानं माझा बायोडाटा ठेवून घेतला. कळवतो म्हणाले. आता फोन येईनच." मुलगी आयटीआय इलेक्ट्रिशियन, कारखान्याच्या टेबलासमोर पाऊण तास रांगेत उभी होती आणि बोलणं झालं ते जेमतेम दोन मिनिटं.

तीन आठवड्यांनी मी तिच्या घरी गेले तेव्हा ती म्हणाली, फोन आलाच नाही. तेवढ्यात भाऊ सहज बोलून गेला, "एका माणसाचा आला होता बाप्पा, हिचं नाव घेऊन विचारत होता. मी म्हटलं कोण पाहिजे, आणि काटून टाकला." बायोडाट्यावर नंबर भावाचा होता. मेळाव्याच्या वेळी तिचा स्वतःचा फोन नव्हता, आणि भाऊ वाईटही नाही. अनोळखी पुरुष बहिणीचं नाव घेऊन फोन करतो, तेव्हा आपल्याकडे भाऊ जे करतो तेच त्यानं केलं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की असा फोन येणार आहे.

मैत्रिणींनो, हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही, कबुली म्हणून लिहिते आहे. आमच्या अहवालात त्या दिवशी ‘२२ मुलींचा सहभाग’ असं लिहून फाइल बंद झाली होती. मुलींना मेळाव्याच्या दारापर्यंत नेणं हे आपलं काम, पुढचं त्यांचं नशीब, असा आपल्या संस्थांचा हिशेब असतो. पण कागद ठेवून घेतला तिथे काम संपत नाही. आणि पुढच्या टप्प्यावर मुली गळतात त्याची कारणं मुलांपेक्षा वेगळी असतात, म्हणून हा विषय आपला आहे.

टेबलाच्या पलीकडे काय घडतं ते मला एमएसडब्ल्यूच्या वर्गमैत्रिणीनं सांगितलं. आमच्यातल्या काहीजणी गावात गेल्या, काही कारखान्यांच्या एचआर विभागात. ती एमआयडीसीत आहे. ती म्हणाली, "अगं, एका दिवसात शंभर-दीडशे कागद गोळा होतात. चेहरे कोणाला आठवतात? आम्ही कोपऱ्यात पेन्सिलीनं खूण करतो. संध्याकाळी तीन गठ्ठे होतात: बोलवायचे, बघू, आणि नाही. जागा निघाली की पहिल्या गठ्ठ्यातल्यांना फोन लावायचा. एकदा लागला नाही, दुसऱ्यांदा उचलला नाही, की पुढचं नाव. वेळ कोणाला आहे?" तिला विचारलं, मुलींचे कागद ‘बघू’मध्ये जास्त जातात का? ती थोडी थांबली आणि म्हणाली, "रात्रपाळी चालेल का विचारलं आणि मुलगी खाली बघायला लागली, की हात आपोआप त्या गठ्ठ्याकडे जातो. मी बाई असून माझाही गेलाय."

आमच्या मुलीचंही तेच झालं होतं. साहेबांनी तिला रात्रपाळीबद्दल विचारलं, तिनं मागे उभ्या असलेल्या बाबांकडे पाहिलं, बाबांनी खिडकीकडे पाहिलं आणि उत्तर राहून गेलं. अशा वेळी तिथल्या तिथे ‘हो’ म्हणणं खोटं ठरू शकतं आणि ‘नाही’ म्हणणं घाईचं. राहून गेलेलं ते उत्तर देण्याची जागा म्हणजे मेळाव्यानंतरचा निरोप. नुसतं ‘सर, माझं काय झालं?’ विचारण्यात काही अर्थ नाही. तो प्रश्न शंभरजण विचारतात आणि त्याला उत्तर असतं ‘कळवतो’. दोन मिनिटांच्या बोलण्यात जे अर्धवट राहिलं ते पूर्ण करून दिलं, तर कागद एका गठ्ठ्यातून दुसऱ्या गठ्ठ्यात जाण्याची निदान शक्यता असते.

रात्रपाळीबाबत मुलींना एक गोष्ट ठाऊक हवी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांप्रमाणे बाईला संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेच्या अटी पाळणं मालकाकडे येतं. म्हणजे तो प्रश्न एकतर्फी परीक्षा नाही. गाडी कुठपर्यंत येते, हे विचारणं हा त्याच संमतीचा भाग आहे. शिवाय पुष्कळ कारखान्यांत दुसरी पाळीसुद्धा रात्री अकराला सुटते. ‘रात्रपाळी नको, दुसरी चालेल’ असं म्हणणाऱ्या मुलीनं अकरा वाजता गावच्या फाट्यावरून घरी कसं जायचं, याचा विचार केलेला नसतो.

तीन आठवडे उशीर झाला होता, तरी आम्ही दोघींनी तिच्या ओट्यावर बसून निरोप लिहिला. साहेबांचं नाव तिला आठवत नव्हतं, त्यांचं कार्डही घेतलं नव्हतं. भावाच्या फोनमध्ये तो काटलेला नंबर अजून होता, म्हणून जमलं. तिनं लिहिलं ते असं:

"नमस्कार सर. हिंगण्याच्या मेळाव्यात मी आपल्या टेबलावर भेटले होते. मी आयटीआय इलेक्ट्रिशियन आहे. आपण मला फोन केला होता, तो भावाकडे गेला आणि निरोप मला मिळाला नाही. आपण रात्रपाळीबद्दल विचारलं होतं, तेव्हा मी उत्तर दिलं नाही. पहिल्या पाळीला मी लगेच येऊ शकते. दुसऱ्या पाळीला आणि रात्रपाळीला कंपनीची गाडी आमच्या फाट्यापर्यंत येत असेल तर तयार आहे. बायोडाटा सोबत पुन्हा पाठवते, त्यावर आता माझा स्वतःचा नंबर आहे. ही जागा कायम आहे, कंत्राटी आहे की अप्रेंटिसची? आणि पुढचं कधी कळेल?"

गाडीबद्दलचं वाक्य तिनं बाबांना विचारून लिहिलं. त्याला बराच वेळ गेला, चहा दोनदा झाला. पण तो वेळ कामी आला, कारण घरात ठरलं नसताना पाठवलेला होकार मुलाखतीच्या दिवशी मोडतो आणि मग त्या कारखान्यात ‘या गावच्या मुली येत नाहीत’ अशी सगळ्यांचीच खूण पडते.

शेवटचा प्रश्न मी आग्रहानं घालायला लावला. मेळाव्यात टेबलावर पाटी कंपनीची असते, पण कागद घेणारा कधी कंपनीचा असतो, कधी मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराचा. आयटीआयच्या मुलांमुलींना तर बरेचदा ‘नोकरी’ म्हणून जे मिळतं ते अप्रेंटिसचं काम असतं. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याप्रमाणे तो शिकाऊ असतो, कामगार नसतो. त्याला पगार नाही, विद्यावेतन मिळतं, आणि मुदत संपल्यावर कामावर ठेवण्याचं बंधन मालकावर नसतं, तसं करारात लिहिलं असेल तरच. हे वाईटच असतं असं नाही. पण मुलीला आणि तिच्या घरच्यांना ते आधी कळलं, तर वर्षानंतर ‘काढून टाकलं’ असं वाटत नाही.

दोन दिवसांनी उत्तर आलं. त्या जागा भरल्या होत्या, पुढच्या महिन्यात अप्रेंटिसची नवी बॅच होती, मूळ प्रमाणपत्रं घेऊन कारखान्याच्या गेटवर या, असं. ती गेली आणि लागली. आधीच्या जागा कायमच्या होत्या की नाही, ते आम्हाला कधी कळलं नाही. पहिला फोन उचलला गेला असता तर काय झालं असतं, हे ती मला अधूनमधून विचारते.

एक मात्र सांगून ठेवते. निरोप पाठवला की काम मिळतं असं नाही. काही कंपन्या जागा नसताना, नुसते कागद जमवायला येतात, आणि नसलेली जागा कितीही निरोपांनी तयार होत नाही. म्हणून मी आता मुलींना सांगते, मेळाव्याच्या संध्याकाळी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी एक निरोप, आठ-दहा दिवसांत काहीच आलं नाही तर सकाळच्या वेळात एक फोन, आणि मग सोडून द्यायचं. तिसऱ्या-चौथ्यांदा विचारण्यात मुलीचा मान जातो आणि माणूसही वैतागतो.

उलट बाजूनं उत्तर फार लवकर आणि फार गोड आलं तरी सावध व्हावं. ‘नोंदणी फी’, ‘युनिफॉर्मचे पैसे आधी भरा’ असं आलं की तिथेच थांबायचं. सरकारी मेळाव्यात उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत, आणि चांगला कारखानाही कामावर घेण्यासाठी पैसे मागत नाही. मुलाखत कारखान्यात किंवा कार्यालयात, दिवसा असते. ‘बाहेर कॉफीला भेटू, मग ठरवू’ असे रात्री मेसेज येऊ लागले तर ते पुसून न टाकता ठेवून द्यावेत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात पीडित बाई ‘नोकरीत असो वा नसो’ असं स्पष्ट म्हटलं आहे. नोकरी मागायला गेलेली मुलगीही तक्रार करू शकते, हे आपल्याच पुष्कळ कार्यकर्त्यांना माहीत नसतं.

पण सगळा भार मुलींवरच का टाकायचा? ज्यानं कागद घेतला त्यानं पंधरा दिवसांत हो-नाही कळवावं, ही साधी रीत आहे. मेळावा भरवणाऱ्यांनी टेबल देतानाच कंपनीकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: कोणत्या कामाच्या किती जागा, निवड कधी कळवणार, आणि चौकशी कोणाकडे करायची. तो कागद दारावर लावावा. पुढच्या मेळाव्याला मुली पाठवण्याआधी आम्ही हे मागितलं आहे. एका आयोजकानं हसून सांगितलं, "मॅडम, इतकं विचारलं तर कंपन्या येणारच नाहीत." जागा किती हेसुद्धा न सांगणारी कंपनी आली नाही तर आमच्या मुलींचं काय जातं, ते मला अजून समजलेलं नाही. आलीच तर रांगेतला पाऊण तास जातो, आणि त्या दिवसाची मजुरी.

आमच्या बाजूनं आम्ही एवढं केलं. मेळाव्याच्या आधीच्या बैठकीला आता घरच्या एका माणसालाही बोलावतो, आणि बायोडाट्यावर ज्याचा नंबर आहे त्यालाच बोलावतो. फोन कोणाचा येईल, तो काय विचारेल, मुलगी घरी नसेल तर काय सांगायचं, हे त्याच्याशी बोलून ठेवतो. मागच्या बैठकीला त्या इलेक्ट्रिशियन मुलीचा भाऊ स्वतःहून आला होता. दुसऱ्या गावच्या एका भावाला तो सांगत होता, "नंबर लिहून घेशीन रे भाऊ. काटशीन नको."