झोपलेल्या खात्याची वाट किती वर्षे पाहणार?

गेल्या दोन महिन्यांत संपादकांच्या नावे आलेल्या पत्रांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. स्टुडिओचे नाव वर्षानुवर्षांचे, अल्बमच्या मुखपृष्ठावर कोरलेले. पण इन्स्टाग्रामवर ते नाव दुसऱ्याच कुणीतरी घेऊन ठेवले आहे. त्या खात्यावर एकही फोटो नाही, मालक उत्तर देत नाही. मंचाकडे अर्ज केला तर छापील उत्तर येते आणि प्रकरण बंद होते. साताऱ्याच्या एका वाचकाने कळवले आहे, की मेकअप आर्टिस्टने टाकलेल्या त्यांच्याच रीलवर टॅग झाले ते दुसऱ्याच खात्याला. वधूच्या मैत्रिणींनी चौकशी तिथे केली, उत्तर न आल्याने दुसरा फोटोग्राफर ठरवला. एका अंडरस्कोअरपायी लग्न हातचे गेले.

उदाहरणापुरते 'क्षणचित्र' हे नाव धरू. kshanchitra इन्स्टाग्रामवर गेलेले आहे. मग स्टुडिओ इन्स्टावर kshanchitra_ होतो, फेसबुकवर kshanchitra.official, यूट्यूबवर kshanchitra-films आणि एक्सवर जे मिळेल ते. आपल्यापैकी बहुतेकांची स्थिती आज हीच आहे. वॉटरमार्कमधला शेवटचा अंडरस्कोअर फोटोच्या कडेला दिसत नाही, लिंकखाली रेघ आली की तो तिच्यात बुडतो आणि फोनवर सांगताना तर कुणीच उच्चारत नाही. टॅग करणारी मुलगी आठवणीतून @kshanchitra टाइप करते आणि यादीत वर येते ते झोपलेले खाते.

आता अर्जाच्या चक्राकडे पाहू. खाते वापरात नाही, एवढ्या कारणावर नाव काढून मिळत नाही. ट्रेडमार्कचा भंग झाला असेल तर अर्ज करा, असे सांगतात. आपण ट्रेडमार्क घ्यायला जातो. छायाचित्रण सेवा वर्ग 41 मध्ये येते. व्यक्ती किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाचे शुल्क 4,500 रुपये. परीक्षण, मग जर्नलमध्ये प्रसिद्धी, त्यानंतर हरकतींसाठी 4 महिने. एवढे सोसून प्रमाणपत्र हाती आले, की मंच म्हणतो: त्या खात्यावरून कुणी फोटोग्राफीचा धंदा करत नाही, ग्राहकाची फसवणूक नाही, म्हणून भंग नाही. खाते रिकामे आहे हीच आपली तक्रार आणि खाते रिकामे आहे हेच त्यांचे नकाराचे कारण! ज्या कंपन्या आपल्या कामावर जाहिराती विकतात, त्यांनी झोपलेल्या नावांसाठी सुनावणीची साधी सोयही करू नये, हे संतापजनक आहे.

दुसरी अडचण आपणच ओढवून घेतलेली आहे. 'क्षणचित्र', 'स्मृती', 'छबी' ही नावे आपल्या कामाचेच वर्णन करतात. ट्रेड मार्क्स कायदा, 1999 च्या कलम 9 प्रमाणे केवळ सेवेचे वर्णन करणाऱ्या शब्दाची नोंदणी नाकारता येते. दीर्घ वापराने तो शब्द आपल्याच नावाने ओळखला जातो, हे सिद्ध करावे लागते. म्हणजे नाव धंद्याला जितके चपखल, तितका त्यावरचा कायदेशीर हक्क कमजोर. म्हणून मंचाशी भांडण्यात हंगाम घालवण्यापेक्षा सगळीकडे एकच मिळेल असे दुसरे नाव घेणे शहाणपणाचे.

ते कसे घ्यायचे? सर्वांत कडक नियमापासून सुरुवात करा. एक्सवर 15 अक्षरांची मर्यादा आहे. इन्स्टाग्राम आणि यूट्यूबवर 30. एक्सवर टिंब चालत नाही. फेसबुकवर अंडरस्कोअर चालत नाही आणि टिंब दिले तरी त्याने नाव वेगळे ठरत नाही. टेलिग्रामला किमान 5 अक्षरे लागतात आणि सुरुवात अक्षरानेच हवी. वेबसाइटच्या पत्त्यात अंडरस्कोअरला जागाच नाही. हे सगळे एकत्र केले, की उरते ते एवढेच: 5 ते 15 रोमन अक्षरे, हवे तर आकडे, बाकी कोणतेही चिन्ह नाही. थ्रेड्सला इन्स्टाग्रामचेच नाव लागते, त्याची वेगळी चिंता नको.

या चौकटीत आपले उदाहरण बसवून पाहू. kshanchitra ही 11 अक्षरे, म्हणजे जोडायला उरली 4. official लावले तर 19 होतात, studio लावले तर 17. दोन्ही एक्सवर बाद. nashik लावले तरी 17. kshanchitrapune बरोबर 15 मध्ये बसते, पण उद्या कोल्हापूरची कामे घ्यायची असतील तर शहर अडते. kshanchitramh12 हेही 15. मात्र फोनवर सांगताना समोरचा 'बारा' आकड्यात लिहील की अक्षरात, ही शंका राहते. bykshanchitra 13 अक्षरांचे, शहराला न बांधलेले आणि वॉटरमार्कवर शोभणारे. निवडताना एकच कसोटी लावा: हॉलच्या गोंगाटात करवलीला एकदा सांगितले, तर तिने ते न विचारता बरोबर टाइप करायला हवे.

नाव मोकळे आहे का, हे प्रोफाइलचा पत्ता उघडून ठरवू नका. 'पान उपलब्ध नाही' असे दिसले तरी ते बंद किंवा निलंबित खाते असू शकते आणि नाव अडलेलेच असते. खात्याच्या सेटिंगमध्ये नाव बदलण्याच्या रकान्यात ते प्रत्यक्ष टाकून पाहा. सर्व मंच आणि वेबसाइटचा पत्ता एकाच बैठकीत तपासा. एके ठिकाणी जरी नकार आला तरी ते नाव सोडा.

बदल करताना जिथे नुकसान कमी तिथून सुरुवात करा: आधी एक्स आणि टेलिग्राम, मग यूट्यूब, मग फेसबुक पेज, शेवटी इन्स्टाग्राम. मध्येच कुठे अडले तरी मुख्य खाते शाबूत राहते. एक्सवर सोडलेले नाव दुसरा कुणीही लगेच उचलू शकतो, म्हणून त्याच मिनिटाला नव्या खात्याने ते ताब्यात घ्या आणि बायोमध्ये नवे नाव लिहा. यूट्यूब जुना पत्ता 14 दिवस चालू ठेवते. इन्स्टाग्रामवर जुन्या नावाची लिंक तुटते, म्हणून वेबसाइट, गूगल प्रोफाइल, कार्ड, करिझ्मा अल्बमचे शेवटचे पान आणि स्टँडीवरचा क्यूआर कोड यांची यादी आधी करा आणि मगच बटण दाबा.

'नाव मिळवून देतो' म्हणणाऱ्या दलालांना थारा देऊ नका. इन्स्टाग्रामच्या नियमांनुसार नावाची खरेदी-विक्री चालत नाही. आगाऊ पैसे आणि ओटीपी मागणाऱ्याच्या हाती नवे नाव तर लागत नाहीच, आपले चालू खातेही जाते.

ज्या सभासदांना गेली दोन वर्षे सांगूनही 'बघू हंगामानंतर' हेच उत्तर मिळते, त्यांना आता स्पष्ट सांगणे भाग आहे. चातुर्मास सुरू आहे. तुळशीच्या लग्नानंतर कुणाला श्वास घ्यायलाही फुरसत नसेल. याच महिन्यात एक संध्याकाळ काढा, नाव ठरवा आणि सगळीकडे एकदम बदला. तालुका संघटनांनी आपल्या सभासदांची हँडल्स एका यादीत गोळा करून मेकअप आर्टिस्ट, सजावटवाले आणि हॉलचालकांना द्यावीत. ज्यांचे ट्रेडमार्क नोंदलेले असूनही अर्ज फेटाळले गेले, त्यांनी नकाराची प्रत आमच्याकडे पाठवावी. त्या एकत्र करून राज्य संघटनेमार्फत मंचांच्या भारतातील तक्रार अधिकाऱ्यांकडे द्यायच्या आहेत. एकेकट्याच्या अर्जाला छापील उत्तर मिळते. शंभर अर्ज एकत्र गेले, तर ते कुणालातरी वाचावे लागतील.