तेवीस जणांत एक जोडी

2014 मध्ये ब्राझीलमध्ये फुटबॉलचा विश्वचषक झाला. 32 संघ आणि नियमानुसार प्रत्येक संघात 23 खेळाडू. या याद्यांमधल्या जन्मतारखा ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा 16 संघांत किमान दोन खेळाडूंचा वाढदिवस एकाच दिवशी निघाला. म्हणजे बरोबर निम्म्या संघांत. (जन्मवर्ष सोडून द्यायचं, दिवस आणि महिना तेवढा जुळायला हवा.)

वर्षात 365 दिवस आणि माणसं 23, मग हे कसं, असं कुणालाही वाटेल. जोडी सापडण्याची शक्यता निम्मी व्हायला किती माणसं लागतील, असा अंदाज विचारला तर बहुतेक जण 180 च्या आसपासचा आकडा सांगतात, 365 चे निम्मे. हा अंदाज चुकतो, कारण आपण नकळत स्वतःला मध्यभागी उभं करतो आणि ‘माझ्या तारखेचा कुणी आहे का’ असं विचारतो. त्या प्रश्नाचं उत्तर खरंच निराशाजनक आहे. उरलेल्या 22 जणांत तुमच्या तारखेचा कुणी सापडण्याची शक्यता जेमतेम 6 टक्के. ती निम्म्यावर न्यायची तर तुमच्याखेरीज 253 माणसं जमवावी लागतील.

पण इथे तुमची तारीख कुणी विचारलेलीच नाही. कुणाचीही कुणाशीही जुळली तरी चालणार आहे. 23 जणांत प्रत्येकानं प्रत्येकाशी एकदा हात मिळवला तर हस्तांदोलनं होतात 23 गुणिले 22 भागिले 2, म्हणजे 253. पुन्हा तोच आकडा! तुमच्या एकट्यासाठी 253 माणसं लागत होती, इथे 23 माणसांतच 253 जोड्या तयार झाल्या. माणसं दुप्पट केली की जोड्या साधारण चौपट होतात, आणि ही वाढ आपल्या अंदाजात येत नाही.

नेमकं गणित उलट्या बाजूनं करणं सोपं जातं. तारीख जुळण्याची नव्हे, कुणाचीच न जुळण्याची शक्यता काढायची. 29 फेब्रुवारीला तूर्त रजा देऊ. पहिला माणूस कोणत्याही दिवशी जन्मलेला चालेल. दुसऱ्यासाठी 365 पैकी 364 दिवस मोकळे, तिसऱ्यासाठी 363, आणि असं करत तेविसाव्यासाठी 343. या सगळ्या अपूर्णांकांचा गुणाकार करायचा. प्रत्येक अपूर्णांक एकाहून किंचितच लहान असतो, पण गुणाकार घसरत जातो. दहाव्या माणसापर्यंत 88 टक्के, विसाव्यापर्यंत 59, बाविसाव्यापर्यंत 52.4 आणि तेविसाव्याला 49.3. उरलेले 50.7 टक्के जोडी सापडण्याचे. पन्नास मुलांच्या वर्गात हीच शक्यता 97 टक्क्यांवर जाते.

विश्वचषकात मात्र नेमके 16 संघ निघाले हा थोडा योगायोगही होता. 13 किंवा 19 निघाले असते तरी गणिताला बाधा आली नसती. म्हणून एखाद्या गटात जोडी सापडली नाही तर लगेच गणिताला खोटं ठरवू नये. 23 जणांच्या साधारण निम्म्या गटांत ती सापडणारच नाही, असंच तर गणित सांगतंय.

या हिशेबात एक गृहीतक दडलेलं आहे, की वर्षाचे सगळे दिवस जन्मासाठी सारखेच. प्रत्यक्षात काही दिवसांवर जास्त जन्म होतात. त्यानं शक्यता घटत नाही, उलट वाढतेच. माणसं थोड्या दिवसांवर गोळा झाली की टक्कर लवकर होणार. महाराष्ट्रात याचा ठळक नमुना म्हणजे 1 जून. जन्माची नोंद नसलेलं मूल शाळेत आलं की गुरुजी वयाचा अंदाज घेऊन दाखल्यावर सरळ 1 जून लिहीत. शाळा जूनमध्ये सुरू होई, त्यामुळे वयाचा हिशेबही चोख बसे. जुन्या पिढीच्या कागदांवर ही तारीख म्हणूनच इतकी दिसते.

समजा, एखाद्या गावातल्या ज्येष्ठांपैकी दहात एकाच्या दाखल्यावर 1 जून आहे. हे प्रमाण केवळ उदाहरणासाठी. मग 23 जणांच्या कट्ट्यावर या एकाच तारखेचे किमान दोघे असण्याची शक्यता 68 टक्के होते, आणि बाकीच्या तारखांवर जुळणाऱ्या जोड्या यात अजून धरलेल्याच नाहीत.

तेव्हा पडताळा घ्यायचाच असेल तर आजच्या शाळेतल्या वर्गांच्या याद्या घ्या. त्यांतले 23-23 चे बरेच गट पाडा आणि किती गटांत जोडी सापडते ते मोजा. ज्येष्ठांच्या आधार कार्डांवर किंवा निवृत्त कर्मचाऱ्यांच्या सेवापुस्तकांवर हा प्रयोग करू नका. महिन्याच्या 1 तारखेला जन्मलेला सरकारी कर्मचारी आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, आणि 31 मे रोजी आपल्याकडे निरोप समारंभांची एवढी गर्दी उसळते ती गुरुजींच्या लेखणीमुळे.