उपवासाचा दिवस आणि गोळ्यांची डबी

गेल्या श्रावणातल्या एका सोमवारची गोष्ट. सकाळी पूजा आटोपून सौभाग्यवतींनी रोजच्या सवयीने लोहाची गोळी घेतली, तीही चहाबरोबर. तासाभरात मळमळ सुरू झाली, पोटात पिळवटल्यासारखे होऊ लागले. सासूबाई म्हणाल्या, "पित्त झालंय, साबुदाणा नको खाऊस." मला मात्र वाटले, साबुदाणा बिचारा अजून पातेल्यात भिजतोय, त्याला कशाला दोष?

दोष गोळीचा होता आणि वेळेचा. लोह रिकाम्या पोटी जास्त शोषले जाते हे खरे. पण त्याच वेळी ते जठराच्या आतल्या अस्तराला टोचते. मळमळ, जळजळ, उलटी ही त्याचीच चिन्हे. जस्ताच्या गोळीचेही तसेच. शिवाय चहातल्या द्रव्यांमुळे लोह कमी शोषले जाते. म्हणजे त्रास पुरेपूर आणि फायदा थोडा!

मग आम्ही दिवसाचे गणित मांडले. श्रावणी सोमवार संध्याकाळी सुटतो. तेव्हा लोहाची गोळी रात्री, वरणभातावर लिंबू पिळून जेवल्यानंतर. लिंबातले 'क' जीवनसत्त्व लोहाला मदत करते. चहा आणि दूध तिच्यापासून दोन तास दूर. कॅल्शियम आणि लोह एकत्र घ्यायचे नाही, म्हणून कॅल्शियम दुपारी खिचडीबरोबर. नेहमी मिळणारे कॅल्शियम कार्बोनेट विरघळायला जठरातले आम्ल लागते आणि ते जेवताना पाझरते. सायट्रेट असेल तर खाण्याचे बंधन नाही. 'ड' जीवनसत्त्व स्निग्धात विरघळणारे. खिचडीतले तूप आणि दाण्याचे कूट त्याला पुरते. बी-१२ मात्र उपाशीपोटीही सहसा चालते.

पुढच्या सोमवारी घरात कुणालाही 'पित्त' झाले नाही.

एकादशीचे काय? ती सुटते द्वादशीला. फराळ करणार असाल तर लोह फराळानंतर घ्यावे. निर्जळी असेल तर त्या दिवशी वगळावे. लोह, कॅल्शियम किंवा जीवनसत्त्वे एक दिवस चुकल्याने बिघडत नाही. शरीरात त्यांचा साठा असतो. पण दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या घेऊन भरपाई करू नये. गर्भारपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही वगळू नये, आणि निर्जळी तर करूच नये.

एक गोष्ट मात्र वेगळी. मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या किंवा फेफऱ्याच्या गोळ्या 'पूरक' नव्हेत. मधुमेहाची गोळी घेऊन उपाशी राहिले तर साखर घसरून घाम, थरथर, भोवळ येऊ शकते. त्या गोळ्यांचे वेळापत्रक उपवासाच्या आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लोहाने शौचास काळसर होणे हे नेहमीचेच आहे. पण ती डांबरासारखी चिकट, दुर्गंधी असेल किंवा उलटीत रक्त दिसले, तर पित्त म्हणून घरी बसू नये.

आमच्या देवघराशेजारच्या डबीवर आता चिठ्ठी आहे : 'लोह, रात्री, लिंबाबरोबर.' सासूबाईंनी ती स्वतः लिहिली आहे.