दुकानाची पत मोजताना पगार वगळा



वडिलांचे दुकान एका मुलाला देताना सरासरी वार्षिक नफ्याची दुप्पट ही त्याची पत (गुडविल) धरावी, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे मला पटत नाही. त्या नफ्यात मालकाची स्वतःची मजुरी दडलेली असते.

समजा, खडकी बाजारातले भाड्याच्या जागेतले किराणा दुकान वर्षाला ९ लाख कमावते. तेच काम पगारी माणसाकडून करून घेतले तर ४.८ लाख लागतील. माल आणि फर्निचरमध्ये १२ लाख गुंतले आहेत. त्यावर दहा टक्क्यांनी १.२ लाख. उरतात ३ लाख. दोन वर्षांचे ६ लाख ही पत. माल धरून दुकान १८ लाखांचे. तिघे वारस असतील, तर दुकान घेणाऱ्याने दोघा भावंडांना प्रत्येकी ६ लाख द्यावेत. पत्रलेखकाच्या हिशोबाने १० लाख द्यावे लागतील, म्हणजे पुढच्या कष्टांचा मोबदलाही भावंडांत वाटला जाईल.

पत केवळ मोक्याच्या जागेची नसते. मुंबईच्या इरॉस चित्रपटगृहासंबंधीच्या कंबाटा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये हेच सांगितले. गिऱ्हाईक वडिलांच्या शब्दावर येत असेल, तर त्यांच्या पश्चात ते टिकेलच असे नाही. तिथे दोनऐवजी एकच वर्ष धरावे.

मृत्युपत्रात रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि थकल्यास व्याज स्पष्ट लिहावे. दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच.

– एक वाचक, खडकी, पुणे