‘फ्रॅजाइल’चं स्टिकर म्हणजे चिलखत नव्हे

रायपूरच्या माना विमानतळावर सुट्ट्यांच्या दिवसांत हमखास दिसणारं दृश्य म्हणजे कापडी गवसणीतला तानपुरा, त्याला गुंडाळलेली चादर आणि वर लाल ‘फ्रॅजाइल’ स्टिकर. मालक निर्धास्त. पुण्या-मुंबईला पट्ट्यावर भोपळा फुटलेला दिसला, की सगळा राग लोडरवर. माझं स्पष्ट मत आहे, मंडळी, की या भांडणात लोडर तिसरा आरोपी आहे. पहिला ती गवसणी आणि दुसरा ते स्टिकर.

त्या स्टिकरसोबत काउंटरवर बहुधा एक टॅग पुढे येतो आणि त्यावर तुमची सही मागतात. त्याचा सरळ अर्थ असा, की वस्तू नाजूक आहे, पॅकिंग अपुरं आहे, तुटली तर जबाबदारी माझी. आपण घाईत सही करतो. म्हणजे संरक्षण मिळालं असं समजून शरणागतीचा कागद लिहून देतो! आणि सही केली नाही, तरी देशांतर्गत प्रवासात सामानाच्या भरपाईला प्रवाशामागे २०,००० रुपयांची मर्यादा आहे. मिरजेचा चांगला तानपुरा त्यात येत नाही. आजीच्या तानपुऱ्याची तर किंमतच होत नाही.

आमच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदार साहेबांच्या मुलीचा तानपुरा असाच गेला. भोपळा शाबूत, तबली शाबूत, पण भोपळा आणि दांडी जुळतात तो गळा उघडला होता. साहेब म्हणाले, “वरच्या हवेच्या दाबानं झालं असेल.” तसं नाही. होल्डमध्येही केबिनसारखाच दाब राखलेला असतो. झालं असं, की वाद्य आडवं आपटलं. भोपळा एका बाजूला ओढला गेला, लांब दांडी दुसऱ्या बाजूला, आणि त्यात चढलेल्या तारांचा ताण. सगळा भार सांध्यावर आला. वरची चादर ओरखडे थांबवते, हा झटका नाही.

मिरजेत दुरुस्ती झाल्यावर ते वाद्य परत न्यायचं होतं. तेव्हा आम्ही वायरलेस सेट ज्या नियमानं पेटीत घालतो तोच लावला: आत काही हलता कामा नये आणि आतली कुठलीही वस्तू पेटीच्या भिंतीला टेकता कामा नये.

आधी तारा चांगल्या उतरवल्या, पण घोडी जागेवर राहील इतपतच. तारा आणि तबलीमध्ये मऊ कापड सरकवलं, म्हणजे मणके लाकडात रुतत नाहीत. मग प्लायवूडची पेटी. तळाशी दोन इंच फोम आणि त्यावर भोपळ्यासाठी कापडाची जाड चुंबळ, डोक्यावर घागर घेताना करतात तशीच. भोपळा तिच्यात बसला, दाबला गेला नाही. गळ्याच्या लगेच पुढे एक आणि दांडीच्या मध्यावर एक असे दोन टेकू दिले, म्हणजे दांडी अधांतरी राहिली नाही. खुंट्यांभोवती फोम कापून मोकळी जागा ठेवली, कारण बाहेर आलेली खुंटी धक्का खाते आणि दांडीचं भोक चिरते. फटींत साड्या आणि शाली भरल्या. स्टीलचा डबा किंवा बूट मात्र नाही. झाकण लावून पेटी हलवली. आत खडखड झाली तर पुन्हा उघडायची.

झाकणाला खिळे ठोकायचे नाहीत, कड्या लावायच्या, कारण तपासणीत पेटी उघडली जाऊ शकते. दोन्ही बाजूंना भक्कम मुठी हव्यात. ज्याला धरायला जागा नाही ते माणूस ओढतो आणि टाकतो. लोडरही माणूसच आहे.

ही पेटी नेहमीच्या बॅगेपेक्षा लांब होते आणि प्लायवूडचं वजनही तिकिटावरच्या किलोंत मोजलं जातं. म्हणून तिकीट काढतानाच कंपनीला माप आणि वजन सांगा. जास्तीचे पैसे लागतील ते द्या. एवढं झाल्यावर टॅग पुढे आला, तर सही करण्याआधी त्यावर ‘लाकडी पेटी, आतून फोम’ असं लिहायचा आग्रह धरा आणि पेटीचे आतून-बाहेरून फोटो ठेवा. उतरल्यावर पट्ट्याजवळच पेटी उघडा. तुटलं असेल तर विमानतळ सोडण्याआधी लेखी तक्रार द्या. घरी जाऊन केलेल्या तक्रारीला ‘घरी तुटलं असेल’ हे उत्तर तयार असतं.

विमान कंपन्यांनाही मी सोडत नाही. जादा सामानाचे पैसे किलोनं घ्यायचे आणि जबाबदारी सहीनं झटकायची, हा दुटप्पीपणा आहे. पेटी नीट असेल तर टॅगवर सही मागूच नये. पण तो हक्क मागायचा तर आधी आपली पेटी नीट हवी. मिरजेत ही वाद्यं घडवणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारं घडवणाऱ्यांची. त्यांच्या हातची वस्तू चादरीत गुंडाळून पाठवणं आपल्याला शोभत नाही.