चार्ज आजच, मेमो चार दिवसांनी?

नागापूर एमआयडीसीतल्या बँक शाखांच्या व्यवस्थापकांना, आणि चेकवर सह्या करणाऱ्या कारखानदारांना,

माझं लेथचं छोटं वर्कशॉप आहे. जॉबवर्कच्या बिलापोटी चाकणच्या एका कंपनीचा 84,000 रुपयांचा, 5 जानेवारीचा चेक मी 7 तारखेला खात्यात भरला. दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर मेसेज आला: चेक परत, 150 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, एकूण 177 रुपये वजा. समोरच्याच्या खात्यात पैसे नाहीत आणि दंड मला! त्याच्या बँकेनं त्याच्याकडूनही वेगळा घेतला असणारच.

पण साहेब, 177 रुपयांसाठी हे पत्र नाही. चार्ज क्षणात कापला गेला, पण रिटर्न मेमो मात्र शाखेत दोन हेलपाटे घातल्यावर 12 तारखेला मिळाला, तोही तारखेच्या शिक्क्याविना. 'अपुरी शिल्लक' असं लिहिलेला तो चिटोराच कोर्टातला पहिला पुरावा असतो. चेक परत आल्याची बँकेकडून माहिती मिळाल्यापासून 30 दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. आता ती मेसेजपासून धरायची की मेमोपासून, हा वाद उद्या समोरचा वकील घालणारच. म्हणून मी जुनीच तारीख धरली. मेमो त्याच दिवशी, शिक्का मारून, मूळ चेकच्या प्रतीसह द्या, एवढंच मागणं आहे.

नोटिशीत नेमके चेकवरचेच 84,000 मागितले. व्याज, चार्ज वेगळ्या ओळीत. आकड्यांची सरमिसळ झाली की नोटीसच बाद ठरू शकते. 20 तारखेला स्पीड पोस्टानं पाठवली, 23 ला पोचली. तिथून 15 दिवस, म्हणजे 7 फेब्रुवारीपर्यंत, पैसे देणाऱ्याला मुदत. ती टळली तर पुढच्या एका महिन्यात कलम 138 खाली फिर्याद. 2014 च्या निकालानंतर त्यासाठी चेक देणाऱ्याच्या बँकेच्या गावी जावं लागायचं. 2015 च्या दुरुस्तीमुळे आता माझं खातं ज्या शाखेत, तिथलं कोर्ट चालतं. चाकणच्या चकरा वाचल्या.

कारखानदारहो, तुमच्यासाठीही दोन शब्द. नोटीस आली की ती ड्रॉवरमध्ये टाकू नका. त्या 15 दिवसांत पूर्ण रक्कम खात्यात पाठवून पोच घेतली, मूळ चेक परत मागितला, की गुन्हाच उभा राहत नाही. नंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'स्टॉप पेमेंट' केलं म्हणजे सुटलो, असं काही जण समजतात. देणं खरं असेल तर सुटका नाही. पैसे येणारच असतील तर आधी फोन करून चेक थांबवायला सांगा. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, पुन्हा भरता येतो. आम्ही ऐकतो.

माझे पैसे 4 फेब्रुवारीला आले. 177 रुपये कोणी दिले नाहीत.

आपला,
नागापूरचा एक जॉबवर्कवाला