वेग वाढला, पण हाती काय लागले?

परीक्षा जवळ आली की घरोघरी एक तक्रार ऐकू येते : 'याचे वाचन फार संथ आहे, पेपर पुरा होत नाही.' मग मुलामागे भरभर वाचण्याचा लकडा लागतो. वेग वाढविताना आकलनातून काय वजा होते, हे मात्र सहसा कोणी मोजत नाही. वास्तविक ते घरच्या घरी मोजता येते.

वाचताना आपला डोळा ओळीवरून सलग सरकत नाही. तो सुमारे पाव सेकंद एका जागी थांबतो आणि मग पुढे उडी घेतो. उडीच्या क्षणी मजकूर दिसत नाही. आणि थांब्यावरही स्पष्ट दिसतात ती मोजकीच अक्षरे. घाई केली की थांबे कमी होतात आणि गाळलेल्या जागा मन अंदाजाने भरून काढते. हा अंदाज ठळक शब्दांवरून बांधला जातो. 'आधी', 'नंतर', 'खेरीज', 'नव्हे' यांसारखे लहान शब्द तेवढे निसटतात आणि त्यांच्याबरोबर अर्थही.

आपल्या अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेविषयीचा एखादा उतारा घ्या. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी पूर्वी मुंबईत कुलाब्याला होत. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने या नोंदी बिघडणार, हे ओळखून १९०४ मध्ये अलिबागला नोंदी घेण्यास प्रारंभ झाला. जुन्या-नव्या नोंदींचा सांधा जुळावा म्हणून काही काळ त्या दोन्ही ठिकाणी घेतल्या गेल्या. विजेची ट्राम धावली ती त्यानंतर, १९०७ मध्ये. घाईने वाचणाऱ्याच्या हाती 'ट्राम', 'बिघाड', 'अलिबाग' एवढेच लागते आणि तो लिहितो : 'ट्राममुळे नोंदी बिघडल्या, म्हणून वेधशाळा हलविली.' क्रम उलटा झाला. पण वाक्य सुसंगत वाटत असल्याने चूक झाल्याची शंकाही त्याला येत नाही.

आता मोजणी. सारख्याच काठिण्याचे, प्रत्येकी सुमारे ३०० शब्दांचे तीन अपरिचित उतारे निवडावे. प्रत्येकावर पालकांनी आधीच दहा प्रश्न काढून ठेवावे. त्यांतील निम्मे तरी क्रम, कारण आणि अपवाद विचारणारे असावेत. पहिला उतारा मुलाने नेहमीच्या चालीने वाचावा, दुसरा थोडा वेगाने, तिसरा जमेल तितक्या वेगाने. वाचनाचा वेळ आणि उत्तरे देऊन होईपर्यंतचा एकूण वेळ, असे दोन्ही लिहून ठेवावे. उत्तरासाठी उतारा पुन्हा पाहण्याची मुभा असावी, कारण परीक्षेतही ती असते.

समजा, दहावीतील एका विद्यार्थिनीने पहिला उतारा अडीच मिनिटांत वाचला, एकूण साडेसहा मिनिटे घेतली आणि नऊ उत्तरे बरोबर दिली. दुसरा तिने एक मिनिट चाळीस सेकंदांत वाचला; एकूण सहा मिनिटे लागली आणि उत्तरे नऊच बरोबर आली. तिसरा सव्वा मिनिटात संपला, पण प्रत्येक प्रश्नाला मागे वळून शोधावे लागल्याने एकूण पावणेआठ मिनिटे गेली आणि उत्तरे पाचच बरोबर आली. सर्वांत वेगवान वाचनच अखेरीस सर्वांत संथ ठरले! तिच्यासाठी योग्य चाल दुसरी, मिनिटाला सुमारे १८० शब्दांची. चुका न वाढता एकूण वेळ जेथे सर्वांत कमी लागतो, तीच आपली गती.

एका दिवसाच्या दहा प्रश्नांवर मात्र विसंबू नये. नवे उतारे घेऊन तीन-चार वेळा मोजावे, म्हणजे योगायोग गळून पडतो. इंग्रजी वाचनासाठी सांगितले जाणारे शब्दांचे आकडेही मराठीला लावू नयेत. 'समुद्रकिनाऱ्यावरून' हा आपला एकच शब्द. इंग्रजीत त्याचे तीन-चार होतात. शिवाय ही गती त्या प्रकारच्या मजकुरापुरतीच खरी असते. गोष्ट याहून वेगाने वाचता येईल; गणितातील शाब्दिक उदाहरण किंवा विज्ञानातील व्याख्या याहून सावकाशच वाचावी लागेल.

अतिसंथ वाचनही हिताचे नसते. लांब वाक्याच्या शेवटी पोहोचताना त्याचा आरंभ विसरला जात असेल, तर चाल थोडी वाढविल्यानेच आकलन सुधारते.

परंतु सोपा मजकूर सावकाश वाचूनही चुका होत असतील, तर प्रश्न गतीचा नाही. ओळी सुटणे, अक्षरे धूसर दिसणे, वाचताना डोके दुखणे अशी लक्षणे असल्यास प्रथम नेत्रतपासणी करावी. दृष्टी निर्दोष असूनही अडखळणे कायम राहिले, तर शिक्षकांशी बोलून अध्ययन-अक्षमतेची तपासणी करून घ्यावी. अशा मुलाला घड्याळ लावून पळविल्याने त्याची भीती तेवढी वाढते, वाचन नव्हे.